संथ श्वासाने नाडी किती उतरते? १४ चिठ्ठ्यांचा घरगुती प्रयोग

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची दोन बोटं टेकवा. अंगठा वापरू नका, त्याचे स्वतःचे ठोके लागतात आणि घोटाळा होतो. नाडी सापडली की नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. तीनचार श्वासांत बोटांना एक गंमत कळेल: श्वास आत जाताना ठोके जवळजवळ पडतात, आणि सोडताना लांबत जातात. श्वास संपत आला की क्षणभर वाटतं, अरे, पुढचा ठोका गेला कुठे?

हा हृदयाचा दोष नाही. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला सतत लगाम घालत असते. श्वास घेताना तो लगाम सैल होतो, सोडताना पुन्हा ताणला जातो. मिनिटाला १५ श्वास घेताना ही चढउतार लहान असते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की ती मोठी होते, कारण रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही साधारण १० सेकंदांच्या लयीत झुलते आणि दोन झोके एकमेकांत मिसळतात. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर दोन्हींत तो आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आलेला दिसला.

म्हणजे परिणाम आहे. पण ‘प्राणायामाने माझी नाडी ७८ वरून ७० वर आली’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, नुसतं बसून किती आली असती? जिना चढून आलेला माणूस खुर्चीत टेकला तरी नाडी उतरते. हे श्रेय श्वासाला द्यायचं की खुर्चीला, ते ठरवण्यासाठीच हा १४ दिवसांचा प्रयोग.

श्वासाची पद्धत साधी ठेवा. मनात चार आकडे मोजत नाकाने घ्या, सहा मोजत सोडा. एक आकडा एक सेकंदाचा धरला तर दहा सेकंदांचा एक श्वास होतो. मध्ये रोखू नका, कुंभक या प्रयोगात नको. अनुलोम-विलोमची सवय असेल तर नाकपुड्या आलटून पालटून घ्या, फक्त लय हीच ठेवा. मोजणी जमत नसेल तर भ्रामरी करा, गुंजारवामुळे उच्छ्वास आपसूक लांबतो. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र बाजूला ठेवा. त्यांत श्वास जलद असतो आणि नाडी तेवढ्यापुरती वाढते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘संथ’चा अर्थ ‘खूप खोल’ असा घेणं. छाती फुगवून हवा भरली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. असं झालं तर लय तीच ठेवून श्वास लहान करा. शेजारी बसलेल्याला ऐकू येणार नाही इतकाच. तरी थांबलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या.

आता चिठ्ठ्या. सात चिठ्ठ्यांवर ‘श्वास’ लिहा, सातांवर ‘नुसतं बसणं’, आणि डब्यात टाका. रोज सकाळी, चहाच्या आधी, ठरलेल्या वेळी खुर्चीत बसा. पाच मिनिटं काही करू नका. मग पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलंत तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि इथे फरकच तेवढ्या मापाचा असतो. मग चिठ्ठी काढा. आधी काढलीत तर मन पहिल्याच मोजणीत लुडबुड करतं. दहा मिनिटं चिठ्ठीत निघेल ते करा, एक मिनिट नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुन्हा ६० सेकंद मोजा. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून लिहा.

माझ्या वहीतले आकडे असे निघाले. नुसतं बसून नाडी उतरली ती २, ३, १, ४, २, ०, २. सरासरी २. श्वासाच्या दिवशी ४, ३, ५, २, ५, उणे २, ४. सरासरी ३. स्प्रेडशीटमध्ये उतरलेले ठोके एकाखाली एक लिहिले तर एवढं पुरतं:

```
=AVERAGE(C2:C8)-AVERAGE(B2:B8)
```

B मध्ये नुसतं बसणं, C मध्ये श्वास. उत्तर आलं १. महिनोन्‌महिने प्राणायाम करून फक्त एक ठोका! मी जरा हिरमुसलोच. ‘उणे २’च्या दिवशी दूधवाल्याने बेल वाजवली होती, आणि तो दिवस गाळला तर श्वासाची सरासरी जवळजवळ ४ होते, म्हणजे फरक दुप्पट दिसतो. मोह झाला, पण गाळला नाही. कोणता दिवस बाद धरायचा हे प्रयोगाआधी लिहून ठेवलं असेल तरच गाळावा. निकाल बघून गाळणं म्हणजे तराजूवर बोट ठेवणं. सात-सात दिवसांत एका ठोक्याचा फरक योगायोगानेही येऊ शकतो, त्यामुळे मी एवढंच म्हणतो की उतरण्यातला मोठा वाटा खुर्चीचा होता.

श्वासाचा वाटा दुसरीकडे दिसला. पळायला जाणाऱ्या मित्राकडून छातीला बांधायचा पट्टा आणला आणि ती दहा मिनिटं नोंदवली. नुसतं बसल्यावर नाडी ६५ ते ७१ मध्ये फिरत होती, संथ श्वासात ६० ते ७६. सरासरी दोन्हीकडे ६८ च! आलेख मात्र एकीकडे खडबडीत रेघ, दुसरीकडे समुद्राच्या लाटा. मनगटावरचं घड्याळ काही सेकंदांची सरासरी दाखवतं, म्हणून त्यात लाट चपटी होते. शिवाय बसल्या जागी ते मधूनमधूनच मोजतं. घड्याळच असेल तर व्यायामाची नोंद सुरू करून बसा म्हणजे ते सलग मोजेल, आणि पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधा.

इथेच एक फसगत होते. घड्याळातला एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचं माप. संथ श्वास चालू असताना तो आकडा उसळतो, कारण आपणच ती लाट तयार केलेली असते. ‘ताण कमी झाला’ असा त्याचा अर्थ नाही. काही घड्याळं नेमकी श्वासाच्या सत्रातच एचआरव्ही नोंदवतात आणि महिन्याचा आलेख उगाच चढतो. दीर्घ बदल बघायचा तर रात्रीच्या झोपेतले आकडेच एकमेकांशी ताडून पाहा, तेही आठवड्याची सरासरी काढून. एका रात्रीचं जागरण, ताप किंवा दारू एवढ्यानेही आकडा हलतो.

ध्यानाची चाचणीही याच चिठ्ठ्यांनी होते, फक्त श्वास मोजायचा नाही, तो जसा येईल तसा येऊ द्यायचा. लाट लहान दिसली तर ध्यान फसलं असं समजू नका. श्वासाचा वेग आपण बदललेला नसतो, एवढंच.

मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोलसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी आधीच खाली असते आणि फरक कमी दिसतो. पेसमेकर किंवा एट्रियल फिब्रिलेशन असेल तर या आकड्यांचा असा अर्थ लावता येत नाही. वयानुसार लाट लहान होत जाते, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांनी नातवाच्या आलेखाशी तुलना करू नये. आणि शांत बसूनही नाडी रोज १०० च्या वर राहत असेल तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं किंवा थायरॉइड वाढलेलं असणं हे चिठ्ठ्यांच्या डब्यात सापडत नाही.