दहाही अंक येईपर्यंत किती चिठ्ठ्या काढाव्या लागतात?

संभाव्यता शिकायला बसलेल्यांना मी हे गणित आधी हाताने करायला सांगतो. 0 ते 9 अंकांच्या दहा चिठ्ठ्या घ्या. एक काढा, अंक लिहून ठेवा, चिठ्ठी परत टाकून नीट मिसळा आणि पुन्हा काढा. दहाही अंक निदान एकेकदा दिसले की थांबा.

सुरुवातीला अंक भराभर येतात. पहिली चिठ्ठी नवीनच असते, दुसरी नवीन असण्याची शक्यता 9/10, तिसरा वेगळा अंक मिळण्याची 8/10. शक्यता 8/10 असेल तर सरासरी 10/8 वेळा चिठ्ठी काढावी लागते. अशी सगळ्या टप्प्यांची बेरीज करायची:

```
10/10 + 10/9 + 10/8 + ... + 10/2 + 10/1 = 29.29
```

ही बेरीज मधोमध तोडून बघा, खरी गंमत तिथेच आहे. पहिले पाच अंक साधारण साडेसहा चिठ्ठ्यांत मिळतात, उरलेल्या पाचांना जवळजवळ तेवीस लागतात. त्यातही शेवटच्या एकट्या अंकाला सरासरी दहा.

इथेच नवशिके हमखास अडखळतात. समजा तीस चिठ्ठ्या झाल्या आणि फक्त 7 यायचा राहिला. ‘आता तो यायलाच हवा’ असं वाटतं, पण आधी काय निघालं हे चिठ्ठ्यांना ठाऊक नसतं. पुढच्या वेळी 7 येण्याची शक्यता अजूनही 1/10 आहे आणि अजून सरासरी दहा चिठ्ठ्या बाकीच आहेत.

दुसरं म्हणजे 29 या आकड्यावर विसंबू नका. निम्म्याहून किंचित जास्त खेळ 27 चिठ्ठ्यांतच संपतात. काही थोडे खेळ फार लांबतात आणि सरासरी वर खेचतात. पन्नास चिठ्ठ्या काढूनही एखादा अंक न दिसण्याची शक्यता सुमारे 5 टक्के असते. म्हणून एकच खेळ पन्नाशीपार गेला तर लगेच सोडतीत खोट आहे म्हणू नये. असे पुष्कळ खेळ करून सरासरी 29 च्या बरीच वर राहिली, तर मात्र एखादा अंक कमी निघतोय का हे तपासा. सगळ्या अंकांची शक्यता समान असते तेव्हाच ही सरासरी सर्वांत कमी असते. एकाच अंकाची शक्यता 1/20 वर आली, तर नुसत्या त्या अंकासाठीच सरासरी वीस चिठ्ठ्या लागतील.

हाताने कंटाळा आला की पायथॉनमध्ये हे चालवा:

```python
import random
def khel(n):
    seen, t = set(), 0
    while len(seen) < n:
        seen.add(random.randrange(n))
        t += 1
    return t
```

`khel(10)` दहा हजार वेळा चालवून सरासरी घ्या, ती 29.3 च्या आसपास येईल. सरासरीबरोबर आलेखही काढा, उजवीकडची लांब शेपटी त्यातच दिसते.

एका फेरीत दोन वेगवेगळे अंक निघत असतील तर हे सूत्र तसंच लावू नका. 29.29 ला दोनाने भागून 14.6 फेऱ्या येतात, पण खरं उत्तर सुमारे 14.1 आहे, कारण एकाच फेरीत तोच अंक दुसऱ्यांदा येऊच शकत नाही.