शोगीत ‘अदलाबदल केली की राजा सुटतो’ ही चूक टाळा

बुद्धिबळातून शोगीकडे, म्हणजे जपानी बुद्धिबळाकडे, येणारा जवळजवळ प्रत्येकजण हीच चूक करतो: थोडा वरचढ झाला की मोहऱ्यांची अदलाबदल सुरू. बुद्धिबळात ते बरोबर आहे, कारण मेलेला मोहरा डबीत जातो. शोगीत तो मारणाऱ्याच्या हातात जातो आणि पुढच्या कुठल्याही चालीला रिकाम्या घरात उतरतो. अदलाबदलीने पट रिकामा होतो, पण हल्ला मात्र वाढतो.

माझा एक डाव सांगतो. हत्ती-उंट दोघांचेही मारले गेले होते, मधल्या रकान्यातली प्यादी गेली होती, एकेका गोल्डचीही अदलाबदल झाली होती; गोल्ड म्हणजे मागची दोन तिरकस घरं सोडून सगळीकडे एक घर चालणारा मोहरा. माझा राजा सुरुवातीच्याच घरात होता. उरलेलं गोल्ड दोन रकाने दूर, दोन्ही सिल्व्हर हल्ल्यात पुढे गेलेली. समोरच्याने माझ्या राजासमोर एक घर सोडून प्यादं उतरवलं. मी हिशेब केला, ‘पुढे आलं तर राजानेच मारीन,’ आणि हातातलं गोल्ड त्याच्या राजाजवळ उतरवलं. त्याने मधल्या रिकाम्या घरात, माझ्या राजाच्या डोक्यावर, गोल्ड ठेवलं. मात. गोल्ड मारावं तर मागे सरळ समोरच मारणारं प्यादं. बाजूची चारही घरं गोल्डच्याच माऱ्यात. जपानीत याला आतामाकिन म्हणतात, म्हणजे डोक्यावरचं गोल्ड. पटावर त्याचं जवळ आलेलं फक्त एक प्यादं होतं, म्हणून मला धोका दिसलाच नाही.

तेच गोल्ड मी राजाच्या तिरकस पुढे, दूरच्या गोल्डच्या बाजूला उतरवलं असतं, तर डोक्यावरचं घरही राखलं गेलं असतं आणि प्यादंही माऱ्यात आलं असतं.

तेव्हापासून प्रत्येक अदलाबदलीआधी मी त्याच्या हातात काय जाणार ते बघतो. मग राजाभोवतीचं एकेक रिकामं घर धरून विचारतो: इथे गोल्ड उतरलं तर मारणार कोण? याला वेळ लागतो. घाईच्या ऑनलाइन डावांवर शोगी शिकू नये असं मी म्हणतो, ते यासाठीच. आणि राजा मधल्या रकान्यातून हलवून मिनोसारख्या किल्ल्यात नेल्याशिवाय मोठे मोहरे बदलूच नका. त्यात दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर राजाजवळ राहतात.

दुसरी चूक: मिळालेलं गोल्ड लगेच खर्च करणं. वरच्या स्थितीत त्याच्याकडे गोल्डऐवजी सिल्व्हर असतं तर मात नव्हती. सिल्व्हर आडवं चालत नाही, त्यामुळे राजा त्याच्या शेजारच्या घरात निसटला असता. शेवटच्या घावासाठी एक गोल्ड हातात ठेवा.

दूरच्या हत्तीने शह दिला की मात समजू नका. मधे हातातला मोहरा उतरवता येतो.

रकान्यात आपलं बढती न झालेलं प्यादं असताना तिथेच दुसरं प्यादं उतरवलं की डाव तिथेच हरलात. उतरवलेल्या प्याद्याने थेट मात देणंही नियमबाह्य आहे. इतर मोहरा उतरवून दिलेली चालते.