हत्तीपाय: पाय धुताना आणि गोळ्या घेताना या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी सुरू झाली की हत्तीपायाचे जुने रुग्ण तापाने फणफणतात. आमच्या शेजारच्या काकूंचा डावा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला. दर पावसाळ्यात हुडहुडी भरायची, पाय लाल व्हायचा, जांघेत गाठ यायची, आणि ताप उतरला तरी सूज थोडी वाढलेलीच राहायची. त्यांना वाटे, अंगातला जंत पुन्हा उठला. मी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट विलग करून पाहिलं, तर मधली कातडी पांढरी, ओली, चिरलेली. जिवाणू तिथूनच आत शिरत होते. सुजलेल्या पायातल्या, साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या निकामी झालेल्या असतात, त्यामुळे साधी चीरही त्या पायाला झेपत नाही.

पहिली चूक इथेच होते: पाय धुतात, पण बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या राहून जातात. रोज संध्याकाळी साधं पाणी आणि अंगाचा साबण घ्यावा, बोटांनी हळुवार चोळावं. ब्रश, दगड, कढत पाणी नको. नंतर मऊ कापडाने प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करावी. धुण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, कारण ओलाव्यातच बुरशी वाढते. कातडी पांढरी पडली असेल तर आरोग्य केंद्रातून बुरशीचं मलम आणावं. रात्री पायाखाली उशी ठेवावी, दिवसा बसल्या बसल्या घोटा वर-खाली हलवावा.

ताप आल्यावर मात्र व्यायाम बंद. चोळणं, शेकणं, झाडपाल्याचा लेप, ब्लेडने टोचून पाणी काढणं, हे सगळं मी पाहिलं आहे आणि यातल्या प्रत्येकाने पाय आणखी बिघडतो. गार पाण्याची पट्टी ठेवून पाय उंच करावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

दुसरी मोठी चूक हत्तीपायाच्या गोळ्या वाटण्याच्या सरकारी मोहिमेच्या दिवशी होते. "मला कुठे सूज आहे?" म्हणत लोक गोळ्या खिशात टाकतात. पण हत्तीपाय जंतांमुळे होतो, आणि धडधाकट माणसाच्या रक्तातही रात्री त्यांची पिल्लं फिरत असू शकतात. सूज यायला वर्षं लागतात, आणि आलेली जुनी सूज गोळ्यांनी ओसरत नाही. म्हणून सूज यायची वाट न पाहता घ्यायच्या. पंधरा वर्षांवरील व्यक्तीला डीईसी या जंतांवरच्या औषधाच्या 100 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आणि चावून खायची एक अल्बेंडाझोल. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही देतात, ती उंची मोजून. जेवून, कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना देत नाहीत. नंतर थोडा ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली तर बहुधा ती रक्तातली पिल्लं मरत असल्याची खूण असते. त्रास वाढला तर लगेच आरोग्य केंद्रात कळवावं.

आणि हे जंत पसरवणाऱ्या डासांसाठी फक्त कूलर तपासून भागत नाही. हा क्युलेक्स डास गटारात, शौचालयाच्या टाकीत वाढतो. टाकीच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.