क्लेरोचं समीकरण: p ला c लिहून थांबू नका

बीएस्सीच्या डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये सगळ्यात झटपट सुटणारं समीकरण क्लेरोचं: `y = px + f(p)`, जिथे `p = dy/dx`. p च्या जागी स्थिरांक c लिहिला की सामान्य उकल तयार. क्लेरोने 1734 मध्ये याचा अभ्यास केला. खरी गोष्ट मात्र या युक्तीबाहेर जे उरतं त्यात आहे. मी ज्युनिअर मुलांना शिकवतो तेव्हा आधी तेच काढायला लावतो.

`y = px − p²` घ्या. x च्या संदर्भात डिफरन्शिएट केलं की डावीकडे p येतो, उजवीकडे `p + xp' − 2pp'`. म्हणजे `p'(x − 2p) = 0`. बहुतेक उत्तरपत्रिकांत इथे `(x − 2p)` ने भागून टाकलेलं दिसतं आणि अर्धं उत्तर तिथेच जातं. `p' = 0` मधून `y = cx − c²` या रेषा मिळतात. दुसऱ्या अवयवातून `p = x/2`, ते मूळ समीकरणात घातलं की `y = x²/4`. हा पॅराबोला c च्या कोणत्याही किमतीला मिळत नाही. ही सिंग्युलर उकल, आणि त्या सगळ्या रेषा याच्याच स्पर्शिका आहेत, म्हणून हा त्यांचा एन्व्हलप.

आता कागदावर `(3, 2)` हा बिंदू घ्या. `c² − 3c + 2 = 0`, म्हणून c = 1 किंवा 2. या बिंदूतून `y = x − 1` आणि `y = 2x − 4` अशा दोन रेषा जातात. `(0, 1)` घेतला तर `c² = −1`, एकही रेषा नाही, कारण तो पॅराबोलाच्या आतल्या बाजूला आहे.

खरी गंमत पॅराबोलावर आहे. `y = x − 1` वरून `(2, 1)` पर्यंत या, तिथून पॅराबोला धरून `(4, 4)` पर्यंत जा आणि मग `y = 2x − 4` वर उतरा. दोन्ही सांध्यांवर चढ जुळतात (1 आणि 2), त्यामुळे हा जोडलेला वक्रसुद्धा पक्की उकल आहे. मग उकल एकच असते हा प्रमेय कुठे गेला? p साठी सोडवून पाहा: `p = (x ± √(x² − 4y))/2`. पॅराबोलावर वर्गमूळ शून्य होतं, y च्या संदर्भातला डेरिव्हेटिव्ह अनंताकडे जातो, म्हणजे प्रमेयाची अटच तिथे मोडते.

एन्व्हलप नेहमी मिळेलच असं धरू नका. `y = px + 3p` मध्ये सगळ्या रेषा `(−3, 0)` मधून जातात आणि दुसरा अवयव फक्त `x = −3` देतो, जी या समीकरणाची उकल नाही. डिस्क्रिमिनंट शून्य धरून काढलेल्या उत्तरालाही हीच कसोटी लावा. `p² = x` मध्ये त्यातून `x = 0` येतं, पण तीही उकल नव्हे. आलेला वक्र मूळ समीकरणात घालून पाहिल्याशिवाय त्याला सिंग्युलर उकल लिहू नये.