ॲनिमेशन मालिकेचे बायबल आणि पिच डेक: एका एसटी डेपोच्या निमित्ताने

मुलांच्या ॲनिमेशन मालिकेची कल्पना घेऊन येणारे बरेच नवे लेखक पिच डेक आणि बायबल यांत एकच मजकूर भरतात. वास्तविक दोन्हींचे वाचक वेगळे असतात. डेक म्हणजे मालिकेची कल्पना मांडणारे छोटे सचित्र सादरीकरण. तो वाहिनीच्या किंवा स्टुडिओच्या अधिकाऱ्यासाठी असतो, आणि दहा-बारा पाने चाळून पुढची बैठक घ्यायची की नाही, एवढेच त्याला ठरवायचे असते. बायबल म्हणजे पात्रे, सूर आणि भागांच्या कल्पना सविस्तर सांगणारा दस्तऐवज. तो मात्र मालिका मंजूर झाल्यावर येणाऱ्या लेखकांसाठी असतो, आणि तुम्हाला कधीही न भेटलेल्या लेखकाला त्यावरून भाग लिहिता आला पाहिजे. म्हणून मी आधी बायबलचा खर्डा करतो आणि मग त्यातून डेक काढतो. क्रम उलटा झाला तर चित्रे देखणी होतात, परंतु पस्तिसाव्या भागात काय घडेल, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

शिकवताना मी एक काल्पनिक मालिका घेतो. वयोगट सहा ते नऊ, प्रत्येकी 11 मिनिटांचे 52 भाग, तंत्र द्विमितीय. कोकणातल्या एका एसटी डेपोत प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू ठेवण्याची खोली आहे आणि तिथल्या वाहतूक नियंत्रकांची मुलगी मिनू त्या वस्तूंचे मालक शोधते. वस्तू दिसताच मालक कसा असेल, हे ती ठरवून मोकळी होते. तिचा चुलतभाऊ बाब्या नोंदवहीत लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. टिकली नावाचा कावळा चकचकीत वस्तू पळवतो.

पात्रांच्या पानावर आवडता रंग, आवडता पदार्थ, जन्मतारीख अशी माहिती भरण्याचा मोह होतो, पण लेखकाला तिचा उपयोग नसतो. त्याला हवे असते ते असे, की या पात्राला काय हवे आहे, अडचणीत ते कसे वागते आणि इतरांशी त्याचे कशावरून बिनसते.

याची कसोटी भागांच्या कल्पनांत लागते. बायबलमध्ये अशा दहा-पंधरा कल्पना प्रत्येकी चार-पाच ओळींत द्याव्यात. उदाहरणार्थ, बसमध्ये दुधाचा दात ठेवलेली डबी सापडते. मालक लहान मूलच असणार, असे गृहीत धरून मिनू डेपोत येणाऱ्या प्रत्येक मुलाला तोंड उघडायला लावते. बाब्याच्या नोंदवहीत मात्र ती बस रिकामी परतल्याची नोंद असते. डबी निघते चालककाकांची, कारण मुलगी वसतिगृहात गेल्यापासून तिचा पहिला पडलेला दात ते जवळ बाळगतात. आता मिनूच्या जागी बाब्याला ठेवून पाहावे. तो नोंद करून मालकाची वाट पाहत बसेल आणि गोष्ट सुरूच होणार नाही. म्हणजे ही कल्पना याच मालिकेची आहे. याउलट ‘डेपोत सारे मिळून स्वच्छता करतात आणि तिचे महत्त्व शिकतात’ ही कल्पना कोणत्याही मालिकेत बसते, म्हणून ती काढून टाकावी.

याच टप्प्यावर निर्मितीचा हिशेबही सुरू होतो. अशा द्विमितीय मालिकांत बहुधा प्रत्येक पात्राची सांधे जोडलेली, हलवता येणारी बाहुली संगणकावर तयार करतात आणि तीच पुढच्या भागांत वापरतात. प्रत्येक भागात नवा मालक आणला तर 52 नव्या बाहुल्या लागतील, शिवाय डेपो म्हटला की गर्दी आलीच. हे अनुभवी निर्माता पहिल्याच वाचनात हेरतो. म्हणून निम्म्याहून अधिक वस्तू डेपोतल्या नेहमीच्या माणसांच्याच ठेवाव्यात आणि गर्दी खिडकीबाहेरच्या स्थिर चित्रात उरकावी. या बंधनाने गोष्टींचे नुकसान होत नाही. चालककाकांची डबी याच बंधनातून सुचते.

सूर सांगताना ‘विनोदी, हृदयस्पर्शी, साहसी’ अशी विशेषणे लिहून काही कळत नाही. त्यापेक्षा अर्ध्या पानाचा एक प्रसंग संवादांसह लिहावा आणि खाली मोजके नियम द्यावेत. इथे हसू येते ते मिनूच्या अंदाजाचे, मालकाच्या गरिबीचे कधीच नाही. मोठी माणसे मूर्ख नसतात. कावळा बोलत नाही. मुले चालत्या बसमागे धावत नाहीत. हा नियम आपण होऊन लिहावा, कारण लहान प्रेक्षक अनुकरण करतील अशा कृतींवर वाहिन्या हमखास बोट ठेवतात.

डेक मग फार वेळ घेत नाही. पहिल्या पानावर नाव आणि एकच चित्र असावे. दुसऱ्यावर दोन ओळींत कथासूत्र, वयोगट, लांबी आणि तंत्र. त्यानंतर पात्रे द्यावीत, आणि त्यांत उंचीची तुलना दाखवणारे एकत्र चित्र असावेच. भागांच्या चार-पाच कल्पना पुरतात. शेवटच्या पानावर काय तयार आहे आणि कशासाठी भागीदार हवा आहे, हे स्पष्ट लिहावे. पाठवण्यापूर्वी बायबलची नोंदणी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन करता येते. मात्र कायद्याचे संरक्षण मांडणीला मिळते, नुसत्या कल्पनेला नाही, त्यामुळे नोंदणीसाठी दोन ओळींच्या कथासूत्राऐवजी पात्रे आणि भागांसह पूर्ण मजकूर द्यावा.