भावगीतासाठी केरवा: समेवर कोणतं अक्षर आणायचं, डग्गा कुठे थांबवायचा

इंदूरच्या मराठी घरांतल्या गणेशोत्सवात किंवा कोजागरीला हलकंफुलकं प्रेमगीत गायचं ठरलं, की तबलजीला सांगितलं जातं, "केरवा धरा." इथले हिंदीभाषक वादक त्याला कहरवा म्हणतात, ताल तोच. मात्रा आठ, विभाग चार-चारचे दोन, पहिलीवर सम आणि पाचवीवर खाली:

धा गे ना तिं | न क धिं ना

वाजवण्याआधी हा ठेका तोंडाने म्हणून पाहा आणि डग्गा कुठे बोलतो तेवढंच ऐका. तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर बोलतो. तिसरीपासून त्याची गुंज विरत जाते, सहावीच्या 'क'ला तळवा टेकला की पूर्ण बंद होते आणि सातवीच्या 'धिं'ला पुन्हा उघडते. प्रेमगीताला लागणारा झोका या मधल्या रिकाम्या जागेत असतो. डग्गा आठही मात्रा घुमत राहिला तर खाली कळत नाही, आणि गायक पाचवीला सम समजून ओळ उचलतो.

आता लय. मेट्रोनोम ८० वर लावा आणि प्रत्येक ठोक्यात दोन मात्रा बसवा. आवर्तन तीन सेकंदांत पूर्ण होतं. संथ प्रेमगीताला ही लय चांगली. ९५-१०० च्या पुढे गेलात की शब्दांवर रेंगाळायला जागा उरत नाही आणि गाणं भजनाकडे झुकतं.

मग शब्द. नमुन्याला ही ओळ घेऊ: "आज तुझी वाट पाहते". समेपासून सरळ म्हणायला लागलात तर पहिल्या आवर्तनात 'आऽ ज तु झीऽ वाऽ' एवढं बसतं आणि पुढची सम 'ट'वर येते. 'वाट'मधलं सगळं वजन 'वा'वर असताना ठोका 'ट'वर पडतो, म्हणून ओळ लंगडते. नवख्या चाली बिघडतात त्या बहुतेक इथेच, आणि दोष मात्र तबल्याला दिला जातो.

उपाय सोपा आहे. ओळ तिसऱ्या मात्रेपासून उचला:

```
मात्रा:  १  २  ३  ४  ५  ६  ७  ८
ठेका:   धा गे ना तिं न  क  धिं ना
पहिलं:  -  -  आ ऽ  ज  तु झी ऽ
दुसरं:   वा ऽ  ट  ऽ  पा ऽ  ह  ते
तिसरं:  ऽ  ऽ  आ ऽ  ज  तु झी ऽ
```

आता सम 'वा'वर आली. 'पा' खालीवर, डग्गा गप्प असताना येतो, म्हणून तो हळुवार लागतो. 'ते' पुढच्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेपर्यंत लांबतो आणि तिसरीला ओळ पुन्हा सुरू होते. सोळा मात्रांचं वर्तुळ नेमकं पुरं झालं.

'ते' लांबलेला असताना तबल्याला मोकळीक आहे. दुसऱ्या मात्रेचा 'गे' घुमत असतानाच मनगट पुडीवर किंचित दाबून शाईकडे सरकवा, म्हणजे स्वर वर चढतो. ही मींड दोन आवर्तनांत एकदाच, इथेच घ्या. प्रत्येक 'गे'ला घेतली की कान कंटाळतो आणि शब्द मागे पडतात. 'ना'ची चाटही हलकी हवी. आठही बोल सारख्याच जोराने वाजले तर यंत्र चाललंय असं वाटतं.

लग्गी वाजवायची ती कडव्यानंतरच्या मोकळ्या जागेत, गायक गात असताना नाही. ती संपवायला ही छोटी तिहाई पुरते. समेवर 'धा' वाजवून दुसऱ्या मात्रेपासून:

तिट धा ऽ | तिट धा ऽ | तिट धा

इथल्या उभ्या रेघा तिहाईचे तुकडे दाखवतात, तालाचे विभाग नव्हेत. 'तिट' एका मात्रेत, 'धा' एका मात्रेत, मग एक मात्रा थांबा. शेवटचा 'धा' बरोबर समेवर येतो. त्यावर लगेच 'गे' वाजवून ठेका सुरू ठेवा. गायिकेला तिसऱ्या मात्रेला 'आज' उचलायचं आहे, तिला 'धा गे' ऐकू येणं भाग आहे. इथे टाळ्या घेण्यासाठी थांबलात तर तिचा उठाव चुकतो.

स्वराचं आधी ठरवून घ्या. गायिका काळी चारमध्ये गात असेल आणि तबला काळी एकचा असेल, तर तो तिच्या मध्यमात लागतो. चालीत शुद्ध मध्यम ठळक असेल तर ते शोभतं. पंचम ठळक असेल तर काळी दोनला लागणारा तबला घ्या. गणेशोत्सव येतो तो दमट हवेत, त्या दिवसांत पुडी ढिली पडते आणि स्वर उतरतो. म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये पेटीच्या सुराशी चाट ताडून पाहा, उतरली असेल तर हातोडीने गजऱ्यावर चारी बाजूंनी सारखे ठोके द्या. एकाच बाजूला ठोकलात तर प्रत्येक घराचा स्वर वेगळा निघतो.