ट्रान्सफर झालंय, रिपोर्ट यायचाय आणि मध्येच लग्नाचा वाढदिवस: मेसेज लिहिताना या चुका टाळा

आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, म्हणजे ट्रान्सफर झाल्यावर, गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. लग्नाचा वाढदिवस नेमका या दिवसांत आला, की प्रेमाने लिहिलेला मेसेजही टोचू शकतो. कुठे टोचतो ते एका उदाहरणावरून पाहू. जोडपं डोंबिवलीचं, लग्नाला सात वर्षं झालेली, हे तिसरं ट्रान्सफर. वाढदिवस मंगळवारी, रिपोर्ट शुक्रवारी. नवऱ्याने कच्चा मेसेज लिहिला तो असा:

"हॅपी ॲनिव्हर्सरी! तू खूप खंबीर आहेस. हल्ली चेहऱ्यावर वेगळंच तेज दिसतंय. टेन्शन घेऊ नकोस, या वेळी नक्की होणार. पुढच्या वर्षी आपण तिघं केक कापू!"

सगळ्यात जड वाक्य शेवटचं आहे. ते मंगळवारी गोड वाटेल, पण शुक्रवारी रिपोर्ट निगेटिव्ह आला तर मेसेज फोनमध्ये तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा आठवतो. निकाल कोणाच्याच हातात नसताना दिलेलं हे वचन मोडलं, तर ते आपल्यामुळे मोडलं असं तिला वाटू लागतं. मेसेजमध्ये फक्त तुमच्या हातातली गोष्ट कबूल करा.

"टेन्शन घेऊ नकोस"चंही तसंच. टेन्शन घेतलं म्हणून राहिलं नाही, असा त्याचा अर्थ ती लावते, कारण नातेवाइकांकडून तिने तेच ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात 2011 साली 14 अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली, तेव्हा उपचाराआधीचा मानसिक ताण आणि उपचारांच्या त्या फेरीचा निकाल यांचा संबंध आढळला नाही. तिला काळजी वाटणारच. ती वाटू द्या.

तेजाचं वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण या दिवसांत ती शरीराची प्रत्येक खूण तपासत असते. ट्रान्सफरनंतर प्रोजेस्टेरॉन चालू असतं आणि छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं त्या औषधानेही होतं. त्यामुळे लक्षणांवरून काही कळत नाही. तुम्ही चेहरा वाचायला लागलात की तिला आणखी एक खूण मिळते, आणि दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही की धास्ती. "खंबीर" हा शब्दही काढा. तो ऐकल्यावर रडायची सोय राहत नाही.

मग लिहायचं काय? या वर्षात तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट, नेमकी. उपचारांबद्दल एखाददुसरं वाक्य पुरे, बाकी तुमच्या दोघांबद्दल. पाच-सहा वाक्यांच्या पुढे जाऊ नका. तोच मेसेज पुन्हा लिहिला तर असा होईल:

"आज सात वर्षं झाली. सोनोग्राफीच्या दिवशी तू पहाटेची लोकल पकडायचीस आणि तिथून थेट ऑफिस गाठायचीस. मी ते बघत होतो, बोललो मात्र नाही. शुक्रवारी मी सुट्टी घेतली आहे, रिपोर्ट काहीही आला तरी घरचे फोन मी घेईन. तुझ्यासोबत राहायला मला आवडतं. उत्तर लिहायची गरज नाही, येताना दादरहून सोनचाफा आणलाय."

यातलं फोनचं वाक्य खरं असायला हवं. सुट्टी आधी टाका, मगच लिहा.

वेळेचीही चूक होते. ती डब्यात उभी असताना किंवा मीटिंगमध्ये असताना असा मेसेज आला तर डोळे पुसायलाही जागा नसते. सकाळी साध्या दोन शब्दांच्या शुभेच्छा द्या, मोठा मजकूर कागदावर लिहून रात्री, जेवण आणि औषधं झाल्यावर हातात ठेवा. स्टेटसला किंवा घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे शुभेच्छांच्या मागोमाग "गोड बातमी कधी?" येतंच आणि उत्तर तिला द्यावं लागतं. आदल्या दिवशी आपापल्या आईला एवढं सांगून ठेवा: "उद्या फक्त शुभेच्छा द्या, विचारू काही नका." नवऱ्याने आपल्या आईशी बोलावं, बायकोवर ते सोपवू नये.

मेसेज आधीच जाऊन चुकला असेल तर ते कळतं: नेहमी भरभरून लिहिणारी नुसता अंगठा पाठवते, किंवा वाचूनही गप्प राहते. अशा वेळी लांबलचक खुलासा पाठवू नका, कारण मग तुमची समजूत काढायचं काम तिच्यावर येतं. मेसेज गुपचूप डिलीटही करू नका. घरी आल्यावर एकदाच म्हणा, "तिघांचं लिहायला नको होतं, चुकलं माझं," आणि ती बोलेल ते मध्ये न बोलता ऐका. ती काहीच बोलली नाही, तर त्या रात्री विषय पुन्हा काढू नका.